मराठीत ऐकलेलं वाक्य इंग्रजीत का चुकतं: व्हॉइस, नॅरेशन आणि डिग्रीचा सराव

इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' दिसलं की कोल्हापुरातल्या मराठी माध्यमाच्या पोरांचे दोन गट पडतात. एक गट व्याकरणाच्या पुस्तकातले तक्ते पाठ करून आलेला असतो. दुसरा गट पॅसिव्ह दिसलं की 'बाय' आणि नॅरेशन दिसलं की 'दॅट' घालून मोकळा होतो. गंमत अशी की वह्या तपासायला घेतल्या की दोन्ही गटांच्या चुका जवळपास त्याच निघतात. तक्ता पाठ असलेला मुलगासुद्धा 'मोअर टॉलर' लिहितो.

याचं कारण नियम येत नाही हे नसतं. वाक्य इंग्रजीत वाचलं तरी डोक्यात ते मराठीत ऐकलं जातं, आणि मराठीला जिथे काहीच बदलावं लागत नाही, नेमक्या त्याच जागी इंग्रजी बदल मागते. व्हॉइस, नॅरेशन आणि डिग्री या तिन्ही धड्यांत अशी एकेक जागा आहे. ती जागा आधी दाखवली तर पुस्तकातले नियम निम्म्याने कमी पाठ करावे लागतात.

'ने' म्हणजे 'बाय' नव्हे

'मुलाने काच फोडली.' 'मुलाने दिवा फोडला.' मुलगा तोच, पण क्रियापद बदललं, कारण ते काचेच्या आणि दिव्याच्या मागे गेलं. मराठीच्या तासाला याला कर्मणी प्रयोग म्हणतात. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर सांगतात की पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. पोरगं दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे जुळवतं आणि 'मुलाने काच फोडली' हेच पॅसिव्ह समजून बसतं. मग 'द बॉय ब्रोक द ग्लास' हे ॲक्टिव्ह आहे म्हटलं की त्याचा गोंधळ उडतो: "ओ सर, पण 'ने' आहे की त्यात!"

'ने' आहे, पण तो 'बाय' नाही. इंग्रजीत काच असो वा दिवा, 'ब्रोक' तेच राहतं आणि वाक्याचा मालक मुलगाच असतो. मराठीत पॅसिव्हच्या जवळ जाणारं वाक्य म्हणजे 'मुलाकडून काच फोडली गेली'. असं आपण घरात फारसं बोलत नाही, म्हणून ते पोरांना परकं वाटतं. पण एका ठिकाणी मराठीचं पॅसिव्ह रोज भेटतं, ते म्हणजे सरकारी फलक. पंचगंगेला पाणी आलं की बॅरिकेडवर पाटी लागते: 'सदर रस्ता वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आहे.' कुणी बंद केला? पोलिसांनी, महापालिकेने, की बांधकाम खात्याने? पाटीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. रस्ता बंद आहे एवढंच महत्त्वाचं. हेच इंग्रजीत 'द रोड हॅज बीन क्लोज्ड'. पॅसिव्ह कशासाठी असतं हे या एका पाटीवरून कळतं, आणि 'बाय समवन', 'बाय पीपल' अशा निरर्थक शेपट्या उत्तरात का गाळायच्या हेही कळतं.

आता प्रत्यक्ष बदल कसा करायचा ते एका वाक्यावर पाहू. गुऱ्हाळावर काम चालू आहे:

'वर्कर्स आर मेकिंग जॅगरी.'

पहिलं काम कर्म शोधण्याचं. काय बनवतायत? जॅगरी. तो शब्द पुढे आला. दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि पुस्तकात ते आठ ओळींच्या तक्त्यात विखुरलेलं असतं. तक्त्याऐवजी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालते: मूळ क्रियापदाने जो पोशाख घातला होता तो काढून 'बी' या क्रियापदाला घालायचा, आणि मूळ क्रियापदाला कायम एकच पोशाख द्यायचा, तिसरं रूप. इथे 'मेक'ने 'इंग'चा पोशाख घातला होता, तो 'बी'ला दिला की 'बीइंग' होतं. 'मेक'चं तिसरं रूप 'मेड'. राहिलं 'आर'. ते आता 'जॅगरी'ला शोभायला हवं, आणि गूळ एकवचनी, म्हणून 'इज'. वाक्य झालं:

'जॅगरी इज बीइंग मेड बाय वर्कर्स.'

वहीत हेच वाक्य बहुतेकदा 'जॅगरी आर मेकिंग बाय वर्कर्स' असं येतं. त्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही वेगळ्या मुळाच्या. 'आर' तसाच राहिला, कारण मुलाने वचन जुन्या कर्त्याकडून घेतलं. 'मेकिंग' तसंच राहिलं, कारण पोशाख काढायचाच विसरला. लाल पेनाने सगळं वाक्य खोडण्यापेक्षा कुठली चूक झाली ते वेगवेगळं दाखवलं तर पुढच्या वेळी निदान एक तरी सुटते.

हीच युक्ती बाकीच्या काळांत चालवून पाहा. 'हॅव मेड' असेल तर 'हॅव'च्या मागे बसणारं रूप 'बी'ला द्यायचं: 'बीन', म्हणून 'हॅज बीन मेड'. 'विल मेक' असेल तर 'विल'च्या मागे साधं रूप बसतं: 'विल बी मेड'. साधा भूतकाळ 'मेड' असेल तर 'बी'चा साधा भूतकाळ: 'वॉज मेड'. 'कॅन', 'मस्ट', 'शुड' यांना वेगळा नियम लागतच नाही, ते 'विल'सारखेच वागतात.

उत्तर तपासायला एक छोटी मोजणी पुरते. पॅसिव्हच्या क्रियापदात ॲक्टिव्हपेक्षा नेमका एक शब्द जास्त असतो. 'मेक' एक शब्द, 'इज मेड' दोन. 'आर मेकिंग' दोन, 'इज बीइंग मेड' तीन. 'हॅव मेड' दोन, 'हॅज बीन मेड' तीन. शब्द वाढला नसेल तर उत्तर चुकलं आहे हे न बघता सांगता येतं. ही मोजणी मुख्यतः एका ठिकाणी फसते: 'डू', 'डज', 'डिड' असलेल्या प्रश्नात आणि नकारात. 'डिड ही ब्रेक द ग्लास?' याचं 'वॉज द ग्लास ब्रोकन बाय हिम?' होतं आणि शब्द दोनचे दोनच राहतात, कारण 'डिड' हा प्रश्नासाठी आणलेला उसना शब्द असतो, तो परत जातो. तिथे आधी साधं विधान करून घ्यावं, 'ही ब्रोक द ग्लास', मग पॅसिव्ह, मग पुन्हा प्रश्न. पायऱ्या तीन होतात, पण चूक होत नाही.

ज्या वाक्यात कर्मच नाही त्याचं पॅसिव्ह होत नाही. 'ही गोज टू स्कूल' हे वाक्य घेऊन 'स्कूल इज गॉन बाय हिम' लिहिणारी पोरं दरवर्षी भेटतात. 'टू स्कूल' हे कुठे जातो याचं उत्तर आहे, काय जातो याचं नाही. उलट 'द बॉइज लाफ्ड ॲट हिम' याचं पॅसिव्ह होतं, पण 'ॲट' सोडायचा नाही: 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय द बॉइज'. 'ॲट बाय' असे दोन शब्द शेजारी आले की पोरांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि ती एक खोडतात. खोडायचा नाही. आणि 'नोबडी हॅज सीन इट' मधला 'नोबडी' 'बाय'च्या मागे नेता येत नाही. नकार क्रियापदावर टाकायचा: 'इट हॅज नॉट बीन सीन बाय एनीबडी.'

सरावाबद्दल एक आग्रह. पुस्तकाच्या शेवटी चाळीस वेगवेगळ्या वाक्यांचा स्वाध्याय असतो. तो पहिल्या दिवशी देऊ नये. त्यापेक्षा गुऱ्हाळाचं एकच वाक्य घ्यावं आणि वर्गात तोंडी फिरवावं. पहिला म्हणाला 'वर्कर्स मेक जॅगरी', शेजारचा पॅसिव्ह सांगतो. तिसरा काळ बदलतो, चौथा पॅसिव्ह सांगतो. मग काळ तोच ठेवून 'जॅगरी'च्या जागी 'ब्लॉक्स' घालायचं, म्हणजे 'इज'चं 'आर' होतं ते कानाला कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलली की चूक कुठली ते लपत नाही. तोंडात बसल्यावर उलटा सराव: पॅसिव्ह वाक्य देऊन ॲक्टिव्ह मागायचं. स्वतः केलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी मूळ वाक्य झाकून परत फिरवून पाहिलं आणि पहिलं वाक्य जसंच्या तसं मिळालं, तर उत्तर बरोबर. व्हॉइसमध्ये ही तपासणी जवळजवळ नेहमी लागू पडते. नॅरेशनमध्ये ती का लागू पडत नाही, ते पुढे येतंच.

'की' आणि 'दॅट'

नॅरेशनमध्ये मराठी मन सगळ्यात जास्त आडवं येतं. 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठीत हे सरळ, स्वच्छ वाक्य आहे. 'की' आला तरी 'मी' तसाच, 'येतो' तसंच, 'उद्या'ही तसाच. म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण एक 'की' टाकतो आणि बाकी सगळं उचलून ठेवतो. इंग्रजी मात्र म्हणते, हे आता तुझ्या तोंडून येतंय, तेव्हा तुझ्या जागेवरून आणि तुझ्या वेळेवरून सांग. 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' माणूस बदलला, काळ बदलला, दिवस बदलला. एवढे तीन बदल मराठीत एकदाही करावे लागत नाहीत, म्हणून तेच तीन सुटतात.

एक वाक्य पूर्ण सोडवून पाहू, जरा अवघडच घेतो:

मदर सेड टू राहुल, "व्हेअर डिड यू कीप माय अंब्रेला यस्टरडे?"

सुरुवात माणसांपासून किंवा काळापासून करू नये. आधी आतलं वाक्य कुठल्या जातीचं आहे ते ठरवायचं: विधान, प्रश्न, आज्ञा की उद्गार. हा प्रश्न आहे, म्हणून 'सेड टू'चं 'आस्क्ड' होतं. जोडणारा शब्द कुठला? प्रश्नातच 'व्हेअर' बसलेला आहे, तोच जोडणारा. इथे 'दॅट' येत नाही. वर्गातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते: 'मदर आस्क्ड राहुल दॅट व्हेअर...' कारण डोक्यात ऐकू येतं 'आईने राहुलला विचारलं की, कुठे ठेवलीस'. मराठीत 'विचारलं'नंतरही 'की' चालतो. इंग्रजीत 'आस्क्ड'नंतर 'दॅट' चालत नाही. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

आता माणसं. आतला 'यू' म्हणजे ज्याला विचारलं तो राहुल, म्हणून 'ही'. 'माय' म्हणजे बोलणाऱ्या आईचं, म्हणून 'हर'. पोरं यासाठी 'एसओएन, एक-दोन-तीन' असं सूत्र पाठ करतात: पहिला पुरुष बाहेरच्या कर्त्याप्रमाणे, दुसरा पुरुष बाहेरच्या कर्माप्रमाणे, तिसरा तसाच. सूत्र चांगलं आहे, पण ते वापरण्याआधी 'हे कोण कोणाला म्हणतंय' हा प्रश्न एकदा विचारावा. बाहेर 'टू मी' असेल तर आतला 'यू' हा 'आय' होतो, आणि सूत्र पाठ असलेला मुलगाही तिथे घाईत 'ही' लिहून जातो.

मग काळ. 'डिड कीप' हा साधा भूतकाळ, तो एक पाऊल मागे जातो: 'हॅड केप्ट'. 'डिड' जातो, कारण आता हा प्रश्न उरलेला नाही, आईच्या प्रश्नाची बातमी झाली. म्हणूनच शब्दांचा क्रमही विधानासारखा होतो. 'व्हेअर हॅड ही केप्ट' नाही, 'व्हेअर ही हॅड केप्ट'. शेवटी 'यस्टरडे'चं 'द प्रीव्हियस डे'. आणि प्रश्नचिन्ह गेलं, तिथे पूर्णविराम आला.

'मदर आस्क्ड राहुल व्हेअर ही हॅड केप्ट हर अंब्रेला द प्रीव्हियस डे.'

बाकी सगळं बरोबर आणि शेवटी सवयीने प्रश्नचिन्ह ठेवलेलं, अशी उत्तरं गठ्ठ्यात हमखास सापडतात. अवतरणचिन्हंही तशीच राहतात. म्हणून शेवटची नजर नेहमी विरामचिन्हांवर टाकायची.

प्रश्नात 'व्हेअर', 'व्हाय', 'हू' असा शब्द नसेल, नुसता 'हो-नाही'चा प्रश्न असेल, तर जोडायला 'इफ' किंवा 'व्हेदर' घ्यायचा. "आर यू कमिंग टू पन्हाळा?" याचं 'आस्क्ड हिम इफ ही वॉज कमिंग टू पन्हाळा'. मराठीत शेवटी 'का' असतो, इंग्रजीत तो सुरुवातीला 'इफ' होऊन येतो, असं सांगितलं की पोरांना पटतं.

विधानाच्या वाक्यात वेगळाच खड्डा आहे. एसटी स्टँडवर कंडक्टर सांगतो:

द कंडक्टर सेड टू अस, "द बस विल नॉट गो टू गगनबावडा टुडे."

'सेड टू'चं 'टोल्ड', मग 'दॅट', 'विल'चं 'वुड', 'टुडे'चं 'दॅट डे': 'द कंडक्टर टोल्ड अस दॅट द बस वुड नॉट गो टू गगनबावडा दॅट डे.' पण बाहेर ऐकणारा माणूसच नसेल, नुसतं 'द कंडक्टर सेड' असेल, तर 'टोल्ड' लिहिता येत नाही. 'टोल्ड'ला कोणाला हे सांगावंच लागतं. मराठीत 'कंडक्टरने सांगितलं की बस जाणार नाही' हे चालतं, कोणाला ते सांगावं लागत नाही, म्हणून 'द कंडक्टर टोल्ड दॅट' असं वाक्य अगदी हुशार मुलाच्या हातूनही निघून जातं. ऐकणारा नसेल तर 'सेड' तसाच ठेवायचा.

काळ मागे नेण्याचा नियम कुठे लागत नाही? बाहेरचं क्रियापद 'सेज' असेल, म्हणजे वर्तमानात, तर आत काहीच मागे जात नाही. आतलं वाक्य कायम खरं असेल तरी नाही: 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' हे सरांनी काल सांगितलं म्हणून पृथ्वी थांबलेली नाही, 'मूव्ह्ज' तसंच राहतं. इतिहासातल्या ठरलेल्या घटनेचंही तसंच. 'राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं' असं बाई म्हणाल्या, तर 'मेड'चं 'हॅड मेड' करण्याची गरज नाही. साल वाक्यातच असल्यामुळे वेळेबद्दल गोंधळ होत नाही. आणि आत आधीच 'हॅड केप्ट'सारखं रूप असेल तर त्याच्या मागे जायला जागाच नाही, ते तसंच.

'टुडे', 'हिअर', 'नाऊ' यांचे बदल मात्र खऱ्या बोलण्यात परिस्थितीवर ठरतात. कंडक्टर सकाळी बोलला आणि मी दुपारी त्याच दिवशी सांगतोय, तर 'टुडे' ठेवलेलं चुकीचं नाही. पेपरातल्या सुट्या वाक्याला मात्र आगापीछा नसतो, आणि तपासणारा पुस्तकातल्या यादीप्रमाणे बदल शोधतो, म्हणून पेपरात ते बदलावेत. इथे पुस्तक आणि बोली इंग्रजी यांत फरक आहे, आणि तो पोरांपासून लपवू नये असं माझं मत आहे. नाहीतर पुढे कुणी इंग्रजी बोलताना 'टुडे' तसाच ठेवला की पोरगं त्यालाच चूक ठरवतं.

आज्ञेचं काम सोपं आहे. 'टू' घालायचा, नकार असेल तर 'नॉट टू', आणि बाहेरचं क्रियापद बोलण्याच्या सुरावरून निवडायचं. द पोलीसमन सेड टू द रायडर, "डोन्ट क्रॉस द ब्रिज." पाणी पुलावर आलेलं असताना हा हुकूमही आहे आणि इशाराही. 'द पोलीसमन वॉर्न्ड द रायडर नॉट टू क्रॉस द ब्रिज.' 'ऑर्डर्ड' लिहिलं तरी बरोबर, 'रिक्वेस्टेड' मात्र नाही, कारण आत 'प्लीज' नाही. उद्गारात 'एक्सक्लेम्ड दॅट' आणि 'व्हाट अ'च्या जागी 'अ व्हेरी' एवढं पुरतं.

उलट्या तपासणीचं काय? 'ही सेड दॅट ही वॉज इल' याचं डायरेक्ट करा म्हटलं तर दोन उत्तरं निघतात. तो स्वतःबद्दल बोलला असेल तर "आय ॲम इल", दुसऱ्याबद्दल बोलला असेल तर "ही इज इल". मागे नेताना माहिती थोडी सांडते, ती परत मिळत नाही. म्हणून नॅरेशनचं उत्तर उलटं फिरवून तपासता येत नाही. तिथे जात, माणसं, काळ, वेळेचे शब्द, क्रम आणि चिन्ह या क्रमाने वाक्यावरून बोट फिरवणं हीच तपासणी.

पेक्षा, सर्वात आणि कळसूबाई

मराठीत विशेषणाला काही होत नाही. उंच, त्याच्यापेक्षा उंच, सगळ्यांत उंच. 'उंच' जागचा हलत नाही, काम 'पेक्षा' आणि 'सगळ्यांत' करतात. इंग्रजीत शब्द स्वतःच बदलतो: 'टॉल', 'टॉलर', 'टॉलेस्ट'. मुलगा मनात 'जास्त उंच' ऐकतो, 'जास्त' म्हणजे 'मोअर', आणि लिहितो 'मोअर टॉलर'. 'मोअर' हा 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दांसाठी आहे, ज्यांना 'अर' जोडता येत नाही. दोघं एकत्र येत नाहीत, एवढंच सांगायचं.

डिग्री बदलण्याचा गाभा एका वाक्यात दिसतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर.

'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.'

'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र.'

'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.'

तिन्ही वाक्यांत एकच गोष्ट सांगितली आहे. बहुतेक मुलं 'अदर' खातात. 'हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र' असं म्हटलं तर महाराष्ट्रातल्या शिखरांत कळसूबाईही आली, म्हणजे ती स्वतःपेक्षाही उंच ठरली. 'अदर' हा शब्द तिला त्या यादीतून बाजूला काढतो. पण 'कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन गोवा' या वाक्यात 'अदर' घालायचा नाही, कारण कळसूबाई गोव्यात नाहीच. हा फरक एकदा कळला की 'अदर' पाठ करावा लागत नाही, तो विचार करून घालता येतो. आणि 'एनी अदर'नंतर 'पीक' एकवचनात, 'पीक्स' नाही.

'वन ऑफ द' आलं की पहिला नंबर राहत नाही, तो गट होतो. 'पन्हाळा इज वन ऑफ द लार्जेस्ट फोर्ट्स इन महाराष्ट्र.' आता 'नो अदर फोर्ट' लिहिलं तर अर्थ बदलला, पन्हाळा एकटाच मोठा झाला. इथे 'व्हेरी फ्यू फोर्ट्स इन महाराष्ट्र आर ॲज लार्ज ॲज पन्हाळा', आणि मधल्या डिग्रीत 'पन्हाळा इज लार्जर दॅन मोस्ट अदर फोर्ट्स इन महाराष्ट्र'. 'व्हेरी फ्यू'मुळे 'फोर्ट्स' आणि 'आर' दोन्ही अनेकवचनी झाले, तेही बघायचं.

नकाराच्या वाक्यात पोरं सगळ्यात जास्त घसरतात. 'किरण इज नॉट ॲज टॉल ॲज सुहास.' किरण सुहासइतका उंच नाही, म्हणजे सुहास जास्त उंच: 'सुहास इज टॉलर दॅन किरण.' हे बरोबर. आता 'किरण इज नॉट टॉलर दॅन सुहास.' किरण सुहासपेक्षा उंच नाही. म्हणजे सुहास उंच आहे का? असेलच असं नाही, दोघं सारखेही असू शकतात. म्हणून उत्तर 'सुहास इज ॲट लीस्ट ॲज टॉल ॲज किरण'. पोरं दोन्हीला एकच उत्तर लिहितात. फळ्यावर दोन रेघा काढून, एकदा सारख्या आणि एकदा लहानमोठ्या, 'हे वाक्य या चित्राला चालेल का?' असं दोनदा विचारलं की 'ॲट लीस्ट' कशासाठी ते लगेच दिसतं.

सगळा सराव सुटा सुटा झाला की मगच पुस्तकातला मिश्र स्वाध्याय घ्यावा, आणि त्यातही सूचना आधी झाकून ठेवावी. वाक्य बघून मुलाने सांगायचं: याचं व्हॉइस होईल का? यात कुणाचं बोलणं आहे का? यात तुलना आहे का? 'मदर सेड टू राहुल, "कळसूबाई इज द हायेस्ट पीक"' असं वाक्य दिलं तर त्यात नॅरेशनही आहे आणि डिग्रीही. दोन्ही करायला सांगितलं तर आधी आतलं वाक्य बदलावं, मग बाहेरचं. उलट क्रमाने गेलं की 'दॅट'नंतरच्या गर्दीत 'अदर' पुन्हा हरवतो.